धागा: रेडिओ गेला, नेटवर्क नाही, पण कच्चा लॉग आहे. कराड बाजूच्या बेसवरून पीपीके करताना फिक्स ३४ टक्क्यांवरच अडकतोय

कोयनाकाठ
उपसा सिंचनाच्या पाइपलाइनची आखणी आहे. केरा खोऱ्यातून वर सडावाघापूरच्या पठारापर्यंत एकूण ४६ बिंदू. १ ते १९ खोऱ्यात, २० ते ४६ वर पठारावर. बेस आणि रोव्हर दोन्ही यू-ब्लॉक्स एफ९पी. बेस पाटणमध्ये गच्चीवर तिपाईवर होता, रेडिओनं करेक्शन पाठवत होता. पहिला डोंगर आडवा आल्यावर रेडिओ तुटला, आणि एनट्रिपसाठी मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून रोव्हरचा कच्चा लॉग चालू ठेवून काम पुरं केलं.

रोव्हर सकाळी ९:३५ ते दुपारी १:४५, ५ हर्ट्झवर. दांडा २.०० मीटर, प्रत्येक बिंदूवर बबल मध्ये आणून ६० सेकंद थांबले. वेळा मोबाइलच्या घड्याळावरून वहीत लिहिल्या आहेत. नदीकाठच्या एका खिळ्यावर सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा मोजलं.

पाटणच्या बेसचे अक्षांश-रेखांश नेमके माहीत नाहीत, म्हणून कराड बाजूच्या एका कायम बेस स्टेशनची त्या दिवसाची फाइल घेतली. अंतर सरळ रेषेत साधारण ३२ किमी, पठारापर्यंतही तेवढंच. फाइल ३० सेकंदांच्या अंतरानं आहे. आरटीकेलिब २.४.३, किनेमॅटिक, फॉरवर्ड. निकालात `Q=1` फक्त ३४ टक्के, बाकी सगळं फ्लोट. खिळ्याची सकाळची आणि दुपारची उंची २७ सेंटिमीटरनं वेगळी येतेय. पुन्हा मोजायला जायचं की यातून काही निघेल?

फिक्सवाला
ताई, सोपं आहे. रेशोची मर्यादा ३ आहे ती १.५ करा आणि अँबिग्युइटी `fix-and-hold` वर टाका. फिक्स लगेच ९० च्या वर जाईल. एफ९पीला ३ फार कडक पडतो.

टोपोशीट
फिक्सवाला, टक्के वाढतील हे खरं, पण चुकीचे फिक्सही हिरवेच दिसतील. ताई, रेशोला हात लावण्याआधी `.pos` फाइलमधली एका मिनिटाची ओळ-ओळ इथे टाका. वेळ, `Q`, उपग्रह, `age` आणि `ratio` एवढे रकाने पुरेत.

कोयनाकाठ
बिंदू ७ च्या आसपासचं, मधल्या ओळी गाळून:

```
GPST          Q  ns   age   ratio
04:45:02.000  1  17   2.00   5.8
04:45:11.000  1  17  11.00   3.4
04:45:19.000  2  16  19.00   2.1
04:45:28.000  2  16  28.00   1.6
04:45:31.000  1  17   1.00   4.9
```

टोपोशीट
यातच उत्तर आहे. `age` म्हणजे रोव्हरच्या त्या क्षणाला जोडलेलं बेसचं निरीक्षण किती सेकंद जुनं आहे ते. बेसची फाइल ३० सेकंदांची असल्यानं हा आकडा शून्यापासून तिसापर्यंत चढतो आणि पुन्हा खाली येतो. बेसचं ताजं निरीक्षण मिळालं की रेशो ५ च्या घरात जातो आणि फिक्स मिळतो. मग उपग्रहांच्या घड्याळांची सरक आणि आयनोस्फिअरमधला बदल बेस आणि रोव्हरमध्ये सारखा राहत नाही, रेशो घसरतो आणि फिक्स सुटतो. आरटीकेप्लॉटमध्ये `age` चा आलेख उघडलात तर करवतीचे दात दिसतील, आणि रेशोचा आलेख त्याच्या नेमका उलटा.

त्यात ३२ किमीची बेसलाइन. एवढ्या अंतरावर आपल्याकडचं दुपारचं आयनोस्फिअर दोन टोकांना एकसारखं धरता येत नाही. म्हणजे दोष रेशोच्या मर्यादेत नाही, तिला जे खायला घालताय त्यात आहे.

आता महत्त्वाचा प्रश्न. रेडिओ तुटला, पण पाटणचा तुमचा बेस चालूच होता ना? त्याचा कच्चा लॉग कुठे साठत होता का?

कोयनाकाठ
हो सर. बेसच्या कार्डवर १ हर्ट्झचा लॉग आहे, ९:०५ ते २:२५, सलग. पण त्या बेसची जागा माहीत नाही म्हणून तो बाजूला ठेवला होता. चालू करताना रिसीव्हरनं स्वतःची सरासरी काढून घेतलेली जागा तेवढी आहे.

टोपोशीट
मग पुन्हा जाऊ नका. काम दोन टप्प्यांत करा.

पहिला टप्पा: कराड बाजूच्या कायम बेसवरून तुमच्या पाटणच्या बेसची जागा काढा. तुमचा बेस पाच तास वीस मिनिटं हलला नाही, म्हणून इथे ३० सेकंदांची फाइल पुरते. मोड `Static`, आयनोस्फिअर `Iono-Free LC`, ट्रोपोस्फिअर `Saastamoinen`, अँबिग्युइटी बंद. इतक्या लांब स्थिर सत्रात फ्लोटच हळूहळू बसत जातो. शेवटच्या तासाभरात आकडा किती हलतो ते बघा. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत स्थिरावला तर घ्या.

दुसरा टप्पा: ती जागा पक्की धरून पाटणच्या बेसवरून रोव्हर सोडवा. अंतर आठ-दहा किलोमीटरवर येतं, बेस १ सेकंदाचा मिळतो, आणि दोन्ही रिसीव्हर एकाच जातीचे. तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या.

दूरचा कायम बेस फक्त जागा द्यायला वापरायचा, रोव्हरच्या प्रत्येक सेकंदाला त्याच्याशी बांधायचं नाही.

रूपांतर करताना रोव्हरही १ सेकंदावर आणा. दांड्यावरच्या बिंदूंना ५ हर्ट्झचा काही उपयोग नाही:

```
convbin -r ubx -v 3.04 -ti 1 -od -os -o base.obs -n base.nav base.ubx
convbin -r ubx -v 3.04 -ti 1 -od -os -o rover.obs -n rover.nav rover.ubx
rnx2rtkp -k ppk.conf -o rover.pos rover.obs base.obs base.nav rover.nav
```

आरटीकेलिबची डेमो५ शाखा वापरा, एफ९पीसारख्या रिसीव्हरांसाठी तीच जास्त घासूनपुसून घेतलेली आहे. कॉन्फिगमधल्या या ओळी बदला:

```
pos1-posmode    =kinematic
pos1-frequency  =l1+l2
pos1-soltype    =combined
pos1-elmask     =15
pos2-armode     =continuous
pos2-arthres    =3
ant1-antdelu    =2.000
ant2-postype    =llh
```

`ant2-pos1`, `ant2-pos2`, `ant2-pos3` मध्ये पहिल्या टप्प्यातली जागा. ती अँटेनाची आहे की खालच्या खुणेची, हे ठरवून ठेवा. तिपाईची उंची पहिल्या टप्प्यात वजा केली असेल तर दुसऱ्यात `ant2-antdelu` मध्ये ती द्यायलाच हवी. वजा केली नसेल तर तिथे शून्य. अँटेनाच्या प्रकारात `*` टाकलंत तर उंची फाइलच्या हेडरमधून उचलली जाते. हेडरमध्ये एक आणि डोक्यात दुसरी, अशी गडबड इथे होते, आणि ती आलेखात कुठेही दिसत नाही. सगळा दिवस तेवढाच वर किंवा खाली सरकतो.

वारणा_खोरं
सरांच्या म्हणण्यात एक भर. पोस्ट-प्रोसेसिंगच्या खिडकीत बेसच्या जागेला `RINEX Header Position` असा पर्याय असतो. तो राहू दिलात तर रिसीव्हरनं काढलेली ढोबळ जागाच वापरली जाते. फिक्सचे टक्के तरीही उत्तम येतात, कारण बेस दोन मीटर चुकला तरी आठ किलोमीटरच्या बेसलाइनला फारसं काही वाटत नाही. पण सगळे बिंदू तेच दोन मीटर घेऊन सरकतात.

शिवाय ताई, रोव्हरच्या फाइलमध्ये भोकं आहेत का ते मोजून घ्या:

```
grep -c '^>' rover.obs
```

हे `-ti 1` न लावता केलेल्या फाइलवर चालवा. चार तास दहा मिनिटं म्हणजे १५,००० सेकंद, ५ हर्ट्झनं ७५,००० यायला हवेत.

कोयनाकाठ
६६,८४२ आले! आठ हजार गेले कुठे? सीरियलचा वेग ११५२०० होता.

वारणा_खोरं
तिथेच गेले. दोन फ्रिक्वेन्सीवर पंचावन्न-एक निरीक्षणं असली की `RXM-RAWX` चा एक संदेश सुमारे १,८०० बाइटचा होतो. ५ हर्ट्झनं ९,००० बाइट दर सेकंदाला. ११५२०० वर वाट असते ११,५२० बाइटची. त्यात एनएमइएच्या ओळीही ५ हर्ट्झनं चालू असतील, `GSV` तर डझनभर ओळींचा असतो, तर नळ तुंबतो. लॉगमध्ये `txbuf alloc` हा मजकूर शोधा, सापडेल. पुढच्या वेळी १ हर्ट्झ, एनएमइए बंद, फक्त `RXM-RAWX` आणि `RXM-SFRBX`.

फिक्सवाला
म्हणजे कमी फिक्स या भोकांमुळेच होता. बेसचा काही दोष नाही.

टोपोशीट
नाही. अख्खा संदेश गळला तरी रिसीव्हरनं उपग्रह सोडलेला नसतो, फेजची मोजणी आत चालूच असते. पुढचा संदेश आला की धागा तिथूनच सुरू होतो. भोकांमुळे खरं नुकसान होतं ते `SFRBX` गळल्यानं. उपग्रहाची कक्षा फाइलमध्ये अपुरी राहते आणि तो उपग्रह हिशेबातूनच बाद होतो. म्हणून वरच्या आज्ञेत `base.nav` आधी दिलंय. बेसचा लॉग सलग आहे, कक्षा तिथून मिळतात.

उपग्रह खरा सुटतो तो दांडा आडवा करून गाडीत टाकला की. दोन बिंदूंमध्ये चालताना दांडा उभाच ठेवला होता ना?

कोयनाकाठ
खांद्यावर, पण अँटेना वरच्या बाजूला. घाटाच्या एका वळणावर गाडीत आडवा ठेवला, १९ आणि २० च्या मध्ये.

जतचा_ड्रोन
माझीही हीच अडचण आहे. जतजवळ ड्रोनचं पीपीके केलं, फिक्स ९८ टक्के, पण उंची गावातल्या बेंचमार्कपेक्षा साठ-सत्तर मीटर कमी येते. ताई, तुमच्या बेसच्या जागेतही तीच चूक असणार. पहिला टप्पा पुन्हा करा.

वारणा_खोरं
दादा, ती चूक नाही. तुम्हाला मिळतेय ती लंबगोलावरची उंची, आणि बेंचमार्कवर असते समुद्रसपाटीपासूनची. सातारा-सांगली पट्ट्यात जिऑइड लंबगोलाच्या साठ मीटरपेक्षा जास्त खाली आहे, म्हणून लंबगोलावरचा आकडा तेवढा लहान दिसतो. जिऑइड मॉडेल लावा, आणि जवळच्या दोन-तीन बेंचमार्कवर स्वतः मोजून उरलेला फरक काढा. ताईंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा खिळा एकाच दिवसात स्वतःशीच जुळत नाहीये.

कोयनाकाठ
दोन्ही टप्पे केले.

पाटणचा बेस शेवटच्या तासात २ सेंटिमीटरच्या आतच हलला. रिसीव्हरच्या मूळ जागेपेक्षा पूर्वेला ०.९, उत्तरेला १.३ आणि उंचीत २.८ मीटरचा फरक निघाला. हेडरची जागा ठेवली असती तर सगळं त्यातच बुडालं असतं.

रोव्हरचा फिक्स आता ७१ टक्के. खोऱ्यातले जवळजवळ सगळे बिंदू हिरवे. खिळा सकाळ-दुपार १.८ सेंटिमीटरनं जुळतोय. पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे पठारावर फिक्स निम्मासुद्धा नाही. दुसरी, प्रत्येक बिंदूच्या ६० सेकंदांची सरासरी काढली तर विखुरणी खूप येते, चाळीस-पन्नास सेंटिमीटरपर्यंत, हिरव्या बिंदूंवरही.

फिक्सवाला यांचा उपायही करून पाहिला. रेशो १.५ आणि `fix-and-hold`. फिक्स ९६ टक्के आला, पण खिळा दोन्ही वेळा `Q=1` असूनही आडव्यात ३८ आणि उंचीत ६१ सेंटिमीटरनं वेगळा!

फिक्सवाला
हं. खिळ्याचं बघून मान्य. पण `fix-and-hold` सरसकट वाईट नाही. ड्रोनला झाडीवरून जाताना मला तो उपयोगी पडलाय.

टोपोशीट
सरसकट वाईट नाहीच. पहिला फिक्स बरोबर असेल तर तो धरून ठेवणं चांगलं. पहिलाच चुकला तर तो चुकीचाच धरून ठेवतो आणि पुढची तपासणीही त्याच्याच बाजूनं झुकते. म्हणून आधी `continuous` नं सोडवा. `combined` चा फायदाही इथेच आहे. लॉग पुढून आणि मागून असा दोनदा सोडवला जातो. दोन्हीकडून फिक्स आला पण जागा जुळली नाही, तर आरटीकेलिब त्या क्षणाला फ्लोट करून टाकतं. गाडीतल्या आडव्या दांड्यानंतरचे बिंदू पुढून येताना फ्लोट असतात, मागून येताना बहुतेकदा फिक्स. म्हणून २०-२१ नंबर तुम्हाला हिरवे मिळाले असतील.

कोयनाकाठ
हो, २० आणि २१ हिरवे आहेत, आणि त्यानंतरचे मात्र फ्लोट! हे उलटंच वाटत होतं.

वारणा_खोरं
विखुरणीचं बोलू. ताई, सरासरीसाठी ओळी निवडताना वेळ कशी बदललीत?

कोयनाकाठ
वहीतल्या वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा. बिंदू ७ वहीत १०:१५:०० ते १०:१६:०० आहे, म्हणून ०४:४५:०० ते ०४:४६:०० घेतलं.

वारणा_खोरं
ती यूटीसी झाली. फाइलमध्ये आहे जीपीएस वेळ, ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे चालते. तुम्हाला हवं होतं ०४:४५:१८ ते ०४:४६:१८. तुम्ही घेतलेल्या साठ ओळींमधल्या पहिल्या अठरा बबल मध्ये येण्याआधीच्या आहेत. त्यातल्या सुरुवातीच्या काही चालतानाच्या, मग दांडा टेकवून तो उभा करण्यातल्या. विखुरणी तिथून येते.

बिंदू ७ चा उंचीचा आलेख त्या दोन मिनिटांपुरता उघडून बघा. खांद्यावरच्या उंचीची खडबडीत रेघ दिसेल, मग एक उडी, मग सपाट पट्टी. सपाट पट्टी नेमकी कुठे सुरू होते ते वाचा.

मोबाइलचं घड्याळही रेंज नसताना सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे असतं. म्हणून दोन्ही टोकांचे पाच-पाच सेकंद सोडा आणि मधले पन्नास घ्या.

कोयनाकाठ
पट्टी ०४:४५:१६ ला सुरू होतेय. वेळा दुरुस्त करून टोकं कापली, तर खोऱ्यातल्या हिरव्या बिंदूंची विखुरणी आडव्यात एक सेंटिमीटरच्या आत, उंचीत दोनच्या आत आली. किती वेळ मी यात रेडिओला दोष देत होते!

राहिलं पठार.

टोपोशीट
तुमची पूर्ण `ppk.conf` टाका. मी दिलेल्या ओळी सोडून बाकीच्या बघायच्या आहेत.

कोयनाकाठ
इंटरनेटवरून घेतलेली जुनी फाइल होती, तीत तुमच्या ओळी बदलल्या. बाकीच्या:

```
pos1-ionoopt    =brdc
pos1-tropopt    =off
pos2-gloarmode  =off
pos2-maxage     =30
```

टोपोशीट
`pos1-tropopt =off`. मी ती ओळ द्यायला हवी होती, माझ्याकडून राहिली.

बेस आणि रोव्हर एकाच पातळीवर असले की हे `off` खपून जातं, कारण हवेतला विलंब दोन्हीकडे सारखाच असतो आणि वजाबाकीत उडतो. पण पाटणपासून पठार चारशे-पाचशे मीटर उंच. पाचशे मीटरचा हवेचा थर फक्त बेसच्याच डोक्यावर आहे. डोक्यावरच्या उपग्रहासाठी तो पंधरा-एक सेंटिमीटरचा विलंब होतो, १५ अंशांवरच्या उपग्रहासाठी त्याच्या जवळजवळ चौपट. रोव्हरची अंतरं त्यामुळे लहान भासतात आणि हिशेबात तो वर उचलला जातो. चूक उपग्रहागणिक वेगळी, म्हणून अँबिग्युइटी पूर्णांकात बसत नाहीत आणि फिक्सही मिळत नाही. खोऱ्यातले बिंदू ठीक आणि पठारावरचे नाहीत, ही त्याची खूण.

`saas` करा. दोन्ही रिसीव्हर एफ९पी असल्यानं `pos2-gloarmode =on` ही करून बघायला हरकत नाही. वेगळ्या कंपनीच्या बेसवर मात्र ते बंदच ठेवायचं, ग्लोनासचे उपग्रह वेगवेगळ्या वारंवारतांवर असतात आणि दोन जातींच्या रिसीव्हरमधली तफावत उरते.

कोयनाकाठ
`saas` केल्यावर फिक्स ९३ टक्के!

पठारावरच्या उंच्या सरासरी ४४ सेंटिमीटरनं खाली आल्या, खोऱ्यातल्या कुठेही २ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलल्या नाहीत. ग्लोनास `on` केल्यानं टक्का दोननं वाढला, जागा बदलली नाही.

३१, ३२ आणि ३३ अजून फ्लोट आहेत. तिन्ही पवनचक्कीच्या बुंध्याजवळचे.

वारणा_खोरं
ते सोडवून सुटायचे नाहीत. मनोऱ्यावरून परतणारा सिग्नल आणि फिरणारी पाती, दोन्ही त्याच बाजूनं येतात. कमी उंचीवरचे उपग्रह टाकून, `elmask` २५ करून एकदा बघा. नाहीतर जवळच्या मोकळ्या हिरव्या बिंदूंवरून टेप आणि ऑटोलेव्हलनं घ्या.

नवा_सर्वेअर
मध्येच विचारतो. पाटणच्या बेसचा पाच तासांचा लॉग थेट ऑसपॉस किंवा सीएसआरएस-पीपीपीला दिला असता तर? कराड बाजूची फाइल शोधायची गरजच पडली नसती.

टोपोशीट
चालतं, आणि पाच तासांना उत्तर चांगलं येतं. पण ते आयटीआरएफमध्ये, मोजणीच्या दिवसाचं असतं. कायम बेसचे प्रसिद्ध आकडे एखाद्या जुन्या ठराविक तारखेला बांधलेले असू शकतात. भारताची प्लेट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येला सरकते, म्हणजे दहा वर्षांत अर्धा मीटर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण जुना नकाशा एकावर आणि नवी पाइपलाइन दुसऱ्यावर अशी गत करू नका. कोणती चौकट वापरली हे अहवालात लिहा. ताईंच्या कामाचे जुने नियंत्रण बिंदू ज्या चौकटीत आहेत तीच घ्यायची.

कायम बेसच्या दिवसागणिक फाइलींबद्दल आणखी एक: दिवस यूटीसीनं बदलतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्याआधी काम सुरू केलं तर आदल्या दिवसाची फाइलही लागते.

जतचा_ड्रोन
जिऑइडचं जमलं, धन्यवाद. आता दुसरं. संध्याकाळी सात-साडेसातला घेतलेल्या लॉगमध्ये एकदम पाच-सहा उपग्रह धडाधड स्लिप दाखवतात. जागा मोकळं माळरान.

टोपोशीट
मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर सूर्यास्तानंतरचं आयनोस्फिअर. आपण विषुववृत्ताच्या बाजूला असल्यानं त्या महिन्यांत, विशेषतः सौर चक्र जोरात असताना, रात्री मध्यरात्रीपर्यंत सिग्नल थरथरतो. प्रोसेसिंगनं ते भरून येत नाही. सकाळी उडवा.

कोयनाकाठ
शेवटचा प्रश्न. पठारावरच्या हिरव्या बिंदूंच्या उंचीवर किती भरवसा ठेवू? पंपाचं हेड त्यावर ठरणार आहे.

टोपोशीट
`.pos` मधल्या `sdu` वर जाऊ नका. तो फक्त आतली सुसंगती सांगतो. सास्तामोइनेन प्रमाण हवा धरतो, खऱ्या दिवसाचं बाष्प त्याला माहीत नसतं. पाचशे मीटरच्या फरकात डोक्यावर एखाद्या सेंटिमीटरची चूक उरली, तर उंचीत ती तिपटीनं दिसू शकते. मी पठारावर चार-पाच सेंटिमीटर धरून चालेन. आडव्याला हा प्रश्न नाही.

वारणा_खोरं
`pos1-tropopt =est-ztd` करून बघायचं का? लॉग चार तासांचा आहे.

टोपोशीट
मला खात्री वाटत नाही. आठ किलोमीटरवर दोन्ही टोकांचा विलंब आणि रोव्हरची उंची एकमेकांत मिसळतात, शिवाय रोव्हर सारखा वर-खाली जातोय. आकडा सुंदर दिसेल, पण तो हवेमुळे की उंचीमुळे हे कळणार नाही. त्यापेक्षा पठारावरच्या एका हिरव्या बिंदूवर दोन तास स्थिर मोजा, त्याच वेळी पाटणचा बेस चालू ठेवा, आणि तेही सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. दोन उत्तरांतला फरक हीच तुमची खरी चूक.

वारणा_खोरं
मी `est-ztd` चा आकडाही शेजारी ठेवून बघेन. दोन तासांच्या स्थिर मोजणीला तो उपयोगी पडतो असं माझं मत आहे.

कोयनाकाठ
बिंदू २८ मोकळ्या माळावर आहे, तिथेच दोन सत्रं घेते. दोन्ही पद्धतींचे आकडे इथे टाकेन, म्हणजे `saas` आणि `est-ztd` शेजारी शेजारी बघता येतील.